खिडकीकडे वाकलेला निवडुंग: कापावा की राहू द्यावा?

*गेल्या मे महिन्यात सेरियस जातीचा उभा निवडुंग आणला. तेव्हा मनगटाएवढा जाड आणि गडद हिरवा होता. पाऊस लागल्यावर कुजेल म्हणून हॉलमध्ये टेबलावर ठेवला. खिडकी उत्तरेची, कुंडीपासून पाचेक फुटांवर. दर रविवारी पेलाभर पाणी घालते. आता फेब्रुवारी लागला. खालचा वीतभर भाग होता तसाच आहे, पण त्याच्यावर १६ सेंटिमीटरचा अंगठ्याएवढा बारीक, फिकट पोपटी शेंडा आलाय आणि तो खिडकीकडे वाकलाय की ओ! काटे तर केसासारखे. आता उन्हात ठेवला तर जाड होईल का? की कापावाच लागेल? कापला तर खालचा भाग मरणार नाही ना? पूर्वेला गॅलरी आहे, सकाळी अकरापर्यंत ऊन असतं.*
*— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव*

ताई, बारीक झालेला भाग पुन्हा मनगटाएवढा होणार नाही. उन्हात नेल्यावर त्याचा रंग बराचसा परत येईल, किंचित भरल्यासारखाही वाटेल, पण जाडीत कमी पडलेलं कायमचं कमी राहील. सुधारता येतं ते यापुढे वाढणारं. तुमच्या झाडाचा खालचा वीतभर भाग शाबूत आहे, म्हणजे नवी वाढ कुठून घ्यायची ते ठरलेलंच आहे. तो भाग मरणार नाही. उलट कापल्यावर त्याच्याच अंगावरून नवे कोंब येतील.

शेंडा असा का झाला ते आधी पाहू, कारण कारण न समजता कापलं तर नवे कोंबही असेच बारीक येतात.

अंधारात पडलेल्या झाडाची सगळी ताकद उंच होण्यात जाते. शेंड्याच्या पेशी संख्येने फारशा वाढत नाहीत, लांबीला ताणल्या जातात. हरितद्रव्य बनवायला उजेड लागतो, तो नाही म्हणून रंग फिकट. काटे कमकुवत येतात आणि काट्यांचे डोळे एकमेकांपासून लांब जातात. वाकण्यामागे ऑक्सिन नावाचा वाढीचा घटक असतो. तो शेंड्यात तयार होतो आणि उजेडाच्या उलट्या बाजूला जास्त साचतो. त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात, आणि लांब झालेली बाजू आखूड बाजूला खिडकीकडे ढकलते. एकदा लांबलेली पेशी पुन्हा आखूड होत नाही. म्हणून उन्हात ठेवून हा भाग जाडही होत नाही आणि सरळही होत नाही.

तुमच्या घरात उजेड किती कमी पडला असेल याचा अंदाज आकड्यांतून येईल. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. पावसाळ्यात आभाळ भरून आलं तरी बाहेर उघड्यावर दहा हजारांच्या आसपास मिळतो. खिडकीपासून पाच फुटांवर टेबलावर मात्र तीनशे-चारशे लक्सच्या वर क्वचित जातो. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घेऊन फोन कुंडीजवळ, पडद्याची बाजू वर करून ठेवलात तर तुम्हालाच दिसेल. हे ॲप काटेकोर नसतं, पण टेबल आणि गॅलरी यांतला फरक कळायला पुरे. आपल्या डोळ्याला तो फरक जाणवत नाही, कारण डोळा अंधाराला लगेच सरावतो. म्हणून खोली आपल्याला ‘चांगली उजेडाची’ वाटते आणि झाड तिथे उपाशी राहतं.

उत्तरेच्या खिडकीचं आणखी एक आहे. बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर येतं. सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे या सहा महिन्यांत उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला जातो, पण त्यातला मोठा काळ आपल्याकडे ढगांचाच. म्हणजे ज्या महिन्यांत त्या खिडकीत काही ऊन आलं असतं, नेमके तेच महिने पावसाचे. दक्षिणेच्या खिडकीचं याच्या उलट: डिसेंबरात ऊन खोलीत लांबवर शिरतं, जूनमध्ये दुपारी अजिबात येत नाही. निवडुंगासाठी वर्षभर भरवशाची बाजू पूर्वेची किंवा पश्चिमेची, आणि तुमची गॅलरी पूर्वेला आहे हे फार बरं झालं.

पण एवढ्या अंधारात झाड थांबलं का नाही, वाढलं कसं? याचं उत्तर रविवारच्या पेल्यात आहे. कमी उजेड एकट्याने झाड ताणत नाही. ऊब आणि पाणी मिळत राहिलं तर झाड वाढायचं थांबत नाही, आणि उजेड नसल्यामुळे ती वाढ पातळ होते. हेच झाड त्याच टेबलावर जून ते सप्टेंबर कोरडं ठेवलं असतं तर ते थोडं सुरकुतलं असतं आणि शेंडा एक-दोन सेंटिमीटरच वाढला असता. कुजू नये म्हणून पावसातून आत आणलं आणि आत पाणी चालू ठेवलं, हा आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आहे. उभ्या निवडुंगाच्या अंगावर दर पावसाळ्याचा एकेक बारीक गळा राहतो आणि दोन गळ्यांच्या मध्ये उन्हाळ्यातला जाड भाग. असं झाड कुठे दिसलं तर गळे मोजा, किती पावसाळे ते घरात होतं ते कळेल.

कापण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, खालचा जाड भाग बोटाने दाबून बघा, विशेषतः मातीला लागून. तो टणक असला पाहिजे. तिथे मऊ लागलं, पिवळट किंवा तपकिरी दिसलं, कुबट वास आला तर तो उजेडाचा दोष नाही, मूळ कुजायला लागलं आहे. मग सगळा डाव उलटतो: खालचा भाग सोडून वरचा निरोगी भाग वाचवायचा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, तरी हात लावून खात्री करा. दुसरी, जाड भागावर सुईने एक बारीक टोचा मारा. पाण्यासारखा रस आला तर निवडुंग. पांढरा चीक आला तर ते आपल्याकडच्या बांधावरच्या त्रिधारी निवडुंगाचं, म्हणजे युफोर्बियाचं भावंड. आपण त्यालाही निवडुंगच म्हणतो आणि शेजारी कन्नडमध्ये दोघांनाही कळ्ळीच म्हणतात, पण कुळं वेगळी. कापायची पद्धत जवळपास तीच राहते, मात्र तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला सुरी लावू नये.

आता कापायचंच का, आधार देऊन चालणार नाही का? बारीक भाग दोन-तीन सेंटिमीटरचा असता तर आम्हीही राहू द्या म्हटलं असतं. वर चांगली वाढ आली की मध्ये एक छोटा गळा दिसतो आणि झाड त्याच्यासकट बरीच वर्षं जगतं. तुमच्याकडे १६ सेंटिमीटर आहे. उन्हात नेल्यावर त्याच्या टोकाला मनगटाएवढी वाढ सुरू होईल, आणि सेरियस भराभर वाढणारा असल्याने दोन वर्षांत बोटभर जाडीच्या देठावर किलोभर वजन तोललेलं असेल. वाऱ्याने किंवा कुंडी हलवताना तो नेमका तिथेच मोडतो, आणि मोडलेली जखम सुरीच्या कापासारखी स्वच्छ नसते. काठी बांधून हे लांबवता येतं, टाळता येत नाही. म्हणून कापा.

वेळ तुमच्या बाजूने आहे. आमच्या मते बेळगाव-खानापूर पट्ट्यात निवडुंग कापायला फेब्रुवारी ते एप्रिल हा सगळ्यात चांगला काळ: हवा कोरडी, जखम लवकर सुकते, ऊब वाढत जाते म्हणून कोंब आणि मुळं लवकर धरतात, आणि जूनच्या आत झाड सावरतं. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरातही कापता येतं, पण पुढे थंडी असल्याने सगळं सावकाश होतं. जून ते सप्टेंबर या काळात सुरी लावूच नका. दमट हवेत जखम सुकण्याआधी बुरशी आत शिरते. निपाणी, चिकोडी, अथणीकडे पाऊस कमी असला तरी नियम तोच ठेवा.

पहिले दोन आठवडे कापायचं नाही, फक्त जागा बदलायची. कारण नवे कोंब पहिल्या दिवसापासून पुरेशा उजेडात फुटले पाहिजेत. अंधारात फुटलेला कोंब मुळातच बारीक निघतो. कुंडी गॅलरीत न्या, पण लगेच उन्हात नको. आठ-नऊ महिने सावलीत राहिलेली साल उन्हाला सरावलेली नसते आणि एका दिवसात भाजते. भाजलेला डाग पांढरट किंवा गव्हाळ, कोरड्या कागदासारखा होतो आणि तोही कायम राहतो. म्हणून पहिले चार-पाच दिवस गॅलरीच्या भिंतीलगत, ऊन पडत नाही पण आभाळ दिसतं अशा जागी. त्यानंतर सकाळचं तासभर ऊन, साधारण आठपर्यंत. मग दर चार-पाच दिवसांनी अर्धा-पाऊण तास वाढवत मार्चअखेरीस अकरापर्यंतच्या पूर्ण उन्हात. साल लालसर-जांभळी दिसू लागली तर ती धोक्याची सूचना आहे. तिथे थांबा, आठवडाभर ऊन वाढवू नका, रंग पुन्हा हिरवा होतो. या काळात कुंडी फिरवू नका. एक बाजू उन्हाला सरावत असते, तुम्ही दर दोन दिवसांनी कुंडी वळवली की प्रत्येक वेळी कोवळी बाजू उन्हात येते. कुंडीवर खडूने खूण करा, आणि पूर्ण उन्हाला झाड सरावल्यावरच दर आठवड्याला पाव फेरा द्या.

या दोन आठवड्यांत पाणी एकदाच, सुरुवातीला. कापायच्या आधीचा आठवडा कोरडा जाऊ द्या. फुगलेल्या झाडाच्या जखमेतून जास्त रस येतो आणि ती उशिरा सुकते.

मग कापायचा दिवस. भाजीची दातेरी सुरी नको. सरळ पात्याची धारदार सुरी किंवा नवं कटर ब्लेड घ्या आणि स्पिरिटने पुसून घ्या. काट्यांसाठी वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी करून शेंड्याभोवती गुंडाळा, तिची दोन टोकं मुठीत धरली की हात सुरक्षित राहतो. कुठे कापायचं? बारीक भाग सुरू होतो तिथे नाही. त्याच्याही खाली दोन सेंटिमीटर, पूर्ण जाडीच्या भागात. उतरत्या जाडीचा तुकडा वर राहिला तर त्याच्यावरचे डोळे फुटतात आणि नवा कोंब पुन्हा अरुंद बुडावर उभा राहतो. तुमच्या झाडात २० सेंटिमीटरपैकी १८ उरतील, तेवढं भरपूर. एवढ्या जाड खोडात साठवलेल्या अन्नावर कोंब जोमाने येतात. काप एकाच ओढीत, आणि किंचित उतरता, म्हणजे वर पाण्याचा थेंब साचणार नाही.

कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. पांढरट-हिरवा गर आणि मध्यभागी फिकट रंगाचं एक कडं दिसेल. ते कडं म्हणजे पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्या. कडं किंवा गर नारिंगी, तपकिरी दिसला तर कूज आत पोचली आहे. पातं पुसून एक सेंटिमीटर खाली पुन्हा कापा, स्वच्छ गर दिसेपर्यंत, आणि दर कापाआधी पातं पुन्हा पुसा. नाहीतर तुम्हीच कूज खाली नेता. स्वच्छ तोंडावर गंधकाची भुकटी चिमूटभर भुरभुरवा. द्राक्षबागांसाठी गंधक लागतं, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. नसेल तर काही लावलं नाही तरी चालतं. जखम बरी होते ती कोरड्या हवेने. मेण, तेल, ओली हळद यांनी तोंड बंद करू नका, आतला ओलावा कोंडतो आणि तिथेच सडायला लागतं.

उरलेलं खोड त्याच कुंडीत, त्याच गॅलरीत राहू द्या. जाड साल उन्हाला सरावू लागलेली आहे, ऊन कमी करायची गरज नाही, वर सांगितलं तसं वाढवत राहा. वरचं तोंड दोन-तीन आठवड्यांत सुकून टणक, खपलीसारखं होईल आणि मध्ये थोडं खोलगट बसेल, ते बरोबर आहे. तोवर पाणी नाही. नंतर माती पूर्ण सुकल्यावरच. आइस्क्रीमची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून दोन मिनिटांनी काढा, कोरडी निघाली तरच पाणी, आणि तेव्हा मात्र खालून निथळेपर्यंत. सहा इंची कुंडीला मार्च-एप्रिलात साधारण दहा-बारा दिवसांनी एकदा लागेल. शेंडा कापल्यामुळे झाडाचं पाणी पिणं कमी झालेलं असतं, हे विसरू नका. रविवार आला म्हणून पाणी, ही सवय मोडावी लागेल.

कोंब कधी येतील? बहुतेक सहा ते दहा आठवड्यांत, म्हणजे तुमच्याकडे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, तोंडाजवळच्या एक-दोन-तीन डोळ्यांतून. आधी डोळा फुगतो, मग हरभऱ्याएवढी हिरवी गाठ. तीन आले तर तिन्ही ठेवायचा मोह होईल, पण खोडावर एकच काय तो जाड होतो. कोंब बोराएवढे झाले की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात रुंद बुडाचा एक ठेवा, बाकीचे बोटाने वळवून काढा. फांद्यांचं झाड आवडत असेल तर समोरासमोरचे दोन ठेवा, एकाच बाजूचे दोन नकोत, कुंडी कलते. नवा कोंब पहिल्या महिन्यात फिकट हिरवा असतो, तेवढ्याने घाबरू नका. त्याची रुंदी बघा. बूड निमुळतं असलं तरी तो लवकरच रुंदावत गेला पाहिजे आणि काटे ताठ, जवळजवळ असले पाहिजेत. तो पेन्सिलीसारखा उंच जाऊ लागला तर उजेड अजून कमी पडतोय, आणि तो वाढू न देता काढून जागा बदललेली बरी. अगदी लहान असतानाच काढला तर खोडाचं फारसं काही जात नाही.

कापलेल्या शेंड्याचं काय? मधला ताणलेला भाग लावण्यात अर्थ नाही. तो मुळं धरेल, पण तुम्हाला पुन्हा तेच बारीक झाड मिळेल. टोकाकडचे ८-१० सेंटिमीटर मात्र लावून ठेवा, खोडाचं काही बिघडलं तर हाताशी एक राहील. हा तुकडा पेल्यात उभा ठेवून सावलीत, वाऱ्यावर सुकवा. आडवा ठेवलात तर तो उजेडाकडे वाकतो आणि कुशीतून मुळं काढतो. एवढ्या बारीक तोंडाला आठ-दहा दिवस पुरतात. मनगटाएवढा जाड तुकडा असता तर तीन आठवडे लागले असते. सुकवण्याआधी खालच्या तोंडाची धार पेन्सिलीला टोक काढतात तशी चहूबाजूंनी थोडी तासा. साल आक्रसत नाही आणि गर आक्रसतो, त्यामुळे न तासलेलं तोंड वाटीसारखं आत जातं आणि मुळं जिथून येतात ते मधलं कडं मातीला लागतच नाही. तुकड्याची वरची बाजू वरच राहू द्या. उलटा लावलेला नीट वाढत नाही.

लावायला धुतलेली भरड वाळू किंवा चाळून धूळ काढलेला जांभ्याचा मुरूम, ज्वारीच्या दाण्याएवढा. एम-सँड वापरली तर दोन-तीनदा धुवा, तिच्यातली पूड चिखल होऊन बसते. तुकडा दोनच सेंटिमीटर खोल, भोवती दगडांचा आधार. खोल पुरून उभा करायचा प्रयत्न केला की बूड सडतं. पहिले दहा दिवस पाणी नाही, मग आठवड्याला चार-पाच चमचे. महिना-दीड महिन्याने हलकं ओढून बघा, अडला तर मूळ धरलं. या तुकड्याला ऊनही आणखी सावकाश दाखवा, तो सगळाच कोवळा आहे. उजेडात त्याच्या टोकाला रुंद डोकं यायला लागेल. ते सहा-सात सेंटिमीटरचं झालं, म्हणजे बहुधा पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, की रुंद भागातून कापून तेच डोकं वर सांगितलं तसं सुकवून लावा. तेव्हा या शेंड्यातूनही एक सरळ, जाड झाड मिळेल. तुमच्याकडे खोड नसतं, फक्त बारीक झाड असतं, तर हाच एक रस्ता होता: आधी उजेड, मग चांगलं डोकं, मग काप.

माती या खेपेला बदलू नका. जखम, नवं ऊन आणि उघडी मुळं हे तिन्ही एकदम नको. पुढच्या फेब्रुवारीत कुंडी बदलाल तेव्हा दोन वाटे धुतलेली भरड वाळू किंवा मुरूम, एक वाटा तांबडी माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. चिकोडी-अथणीकडची काळी माती चुकूनही घालू नका, ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की मुळं तोडते. कुंडी खानापुरी लाल मातीची, बिनरंगाची घ्या, तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. युरिया किंवा शेणपाणी वर्षभर नको. नत्राने मऊ, पाणीदार वाढ येते आणि आपल्याला नेमकी तीच नको आहे.

आता येणाऱ्या जूनबद्दल, कारण तेव्हा हेच पुन्हा घडू शकतं. नवा कोंब त्या वेळी महिना-दीड महिन्याचा, सगळ्यात नाजूक वयाचा असेल. त्याला आत नेऊ नका. गॅलरीच्या कठड्याजवळ, वर पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा तिरका बांधून त्याखाली ठेवा. पाऊस अडतो, उजेड येतो, वारा खेळतो. हिरवा किंवा निळा पत्रा नको, तो उजेड खातो. वाऱ्याने पावसाच्या चार सरी आत आल्या तर झाड मरत नाही. मरतं ते दिवसेंदिवस भिजलेल्या मातीने. कुंडीखालची बशी काढून विटांच्या दोन तुकड्यांवर कुंडी ठेवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाणी बंद, आणि पुढे महिन्याला एकदा, दोन-तीन उघडीपीचे दिवस लागून आले तर पाव पेला. झाडाच्या कडा थोड्या आत ओढल्यासारख्या दिसतील, त्यावर दया येऊन पाणी घालू नका. सप्टेंबरअखेरीस ऊन पडलं की एका पाण्यात ते भरून येईल.

गॅलरीत पावसाळ्यात खरोखरच जागा नसेल तर घरात दिव्याखाली ठेवता येतं, पण नेहमीचा छताचा दिवा उपयोगाचा नाही. पांढऱ्या उजेडाची २० वॅटची एलईडी पट्टी शेंड्याच्या वर १५-२० सेंटिमीटरवर टांगावी लागते आणि रोज १२ तास चालू ठेवावी लागते. ती कोंबाच्या डोक्यावरच हवी. बाजूला लावलीत तर झाड तिच्याकडे वाकेल. रात्री ती बंदच ठेवा. निवडुंग रात्री श्वासरंध्रं उघडून हवा घेतो, त्याला अंधार हवा असतो. दिव्याखाली असतानाही पाण्याचा पावसाळी हिशोब तोच. पट्टीचा उजेड उन्हाची बरोबरी करत नाही, म्हणून ऑक्टोबरात बाहेर काढताना पुन्हा पहिल्यापासून, सावलीतून तासभर उन्हात, असंच न्यावं लागेल.

पत्रात तुम्ही विचारलं नाही, पण घरात गोल निवडुंगही असतील तर एक सावधगिरी सांगून ठेवतो. मॅमिलेरियासारखे पिल्लं देणारे गोल निवडुंग अंधारात वर निमुळते होतात, त्यांना असंच कापता येतं. सोनेरी काट्यांचा मोठा गोल निवडुंग, ज्याला नर्सरीत गोल्डन बॅरल म्हणतात, त्याला मात्र सुरी लावू नका. तो सहसा पिल्लं देत नाही आणि कापलेलं डोकं मुश्किलीने मुळं धरतं. त्याला फक्त उजेडात आणा, पुढची वाढ रुंद होईल आणि निमुळता भाग वर्षांनुवर्षांत खाली जाईल. लाल किंवा पिवळ्या चेंडूच्या कलमी निवडुंगात रंगीत चेंडूला स्वतःचं हरितद्रव्य नसतं, तो खालच्या हिरव्या तीनधारी खोडावर जगतो. तिथे ताणलेला हिरवा शेंडा चेंडूच्या बाजूने निघाला असेल तर तो खोडाचा फुटवा आहे. तो बुडातून काढा, नाहीतर ताकद तिकडे जाऊन चेंडू सुकतो.